सरासरी बघून व्हिडिओला कात्री लावू नका

“ॲव्हरेज व्ह्यू ड्युरेशन जिथे येतो तिथेच लोक व्हिडिओ सोडतात. त्यापुढचं सगळं कापून टाका. ५० टक्क्यांच्या खाली गेलात की यूट्यूब तुमचा व्हिडिओ कुणाला दाखवत नाही. आलेखात उंचवटा आला म्हणजे तो भाग लोकांना आवडला, तसंच जास्त करा.”

हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने उकडीच्या मोदकांचा दहा मिनिटांचा व्हिडिओ चौथ्या मिनिटाला तोडायला घेतला, कारण यूट्यूब स्टुडिओत सरासरी साधारण ४ मिनिटं दिसत होती. चौथ्या मिनिटाला तर कळ्या पाडणंसुद्धा सुरू झालेलं नाही! असले सल्ले छातीठोकपणे पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा तरी व्हिडिओच्या कुठल्या क्षणाला किती जण बघत होते, हे दाखवणारा आलेख उघडून बघावा.

ॲव्हरेज व्ह्यू ड्युरेशन म्हणजे पाहिला गेलेला एकूण वेळ भागिले व्ह्यूज. एवढंच. तो आकडा व्हिडिओतली जागा सांगत नाही. मावशीचा आलेख सोप्या आकड्यांत मांडतो. १०० जणांनी व्हिडिओ लावला. पहिल्या अर्ध्या मिनिटात ४० जण गेले. उरलेल्या ६० पैकी ५० जण सहाव्या मिनिटापर्यंत टिकले. तिथे रेषा एकदम २० वर कोसळली आणि शेवटाला ८ वर आली. हे सगळे मिळून सुमारे ४०० मिनिटं होतात, म्हणजे माणशी ४. पण चौथ्या मिनिटाला रेषा जवळपास सपाट आहे, तिथे गळती नाहीच. सुरुवातीला पंधरा सेकंदांत पळालेले आणि शेवटपर्यंत थांबलेले यांची एकत्र सरासरी काढली म्हणून ४ आले. तिथे कात्री लावली असती तर निम्म्याहून जास्त लोक जे बघायला थांबले होते, तेच गेलं असतं.

खरी गळती दोन ठिकाणी आहे. सहाव्या मिनिटाला मावशी म्हणते, “तर मैत्रिणींनो, झाले आपले मोदक!” मोदक चाळणीत ठेवायचेत, उकडायचेत, पारी फाटली तर काय करायचं तेही सांगायचंय. पण “झाले” ऐकल्यावर माणूस थांबेल कशाला? तिथे विषय कंटाळवाणा झालेला नाही, तिने स्वतःच व्हिडिओ संपल्याची वर्दी दिली. दुसरी गळती सुरुवातीची: नावात “न फाटणारी पारी” असं लिहिलंय आणि पहिली वीस सेकंदं चॅनेलचं बोधचिन्ह फिरतंय.

रेषा घसरली की ती परत वर येते का, तेही बघायचं. खळगा पडून रेषा पुन्हा वर आली, तर लोकांनी तो भाग ओलांडून पुढे उडी मारली. ते गेलेले नाहीत. खाली येऊन तिथेच राहिली, तर गेले. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

सरासरी निम्मा व्हिडिओ तरी बघितला गेलाच पाहिजे, ही ५० टक्क्यांची रेघ कुठून आली देव जाणे. यूट्यूबच्या स्वतःच्या मदत पानावर अशी कुठलीही पास-नापासाची रेघ नाही. तिथे तुमच्या व्हिडिओची तुलना तुमच्याच, साधारण तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशी केलेली असते, आणि ते बरोबरच आहे. एक मिनिटाच्या व्हिडिओची टक्केवारी दहा मिनिटांच्या व्हिडिओशेजारी मांडून काय कळणार? शिवाय व्हिडिओ अनोळखी लोकांपर्यंत पोचू लागला की सरासरी उतरू शकते. नेहमीचे १०० जण ६ मिनिटं बघतात, त्यात ३ मिनिटं बघणारे ९०० नवे आले, तर सरासरी ३ मिनिटं १८ सेकंद. व्हिडिओ तोच, प्रेक्षक दहापट, आणि मेसेजवाल्यांच्या हिशेबाने मात्र तो पडला.

उंचवट्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. लोक तिथे मागे जाऊन पुन्हा बघतात, किंवा नेमका तोच भाग इतरांना पाठवतात. पण का, ते आलेख सांगत नाही. मावशीचा उंचवटा कळ्या पाडताना आहे, आणि खाली प्रतिक्रियांत “बोटं नीट दिसत नाहीत” अशी तक्रार आहे. तिथे “तसंच जास्त” करायचं नाही, कॅमेरा जवळ न्यायचाय.

मावशीला सांगितलं ते एवढंच. पुढच्या व्हिडिओत पारीची युक्ती पहिल्या दहा सेकंदांत दाखव, आणि वाफ निघून मोदक ताटात येईपर्यंत “झाले” म्हणू नकोस. मग एक-दोन दिवस थांबून, आकडे भरले की पहिल्या तिसाव्या सेकंदाला किती उरले ते बघ आणि जुन्या व्हिडिओशी ताडून पाहा. नवे आणि परत येणारे प्रेक्षक वेगळे करून बघ. दोघांचीही रेषा एकाच जागी कोसळत असेल, तर दोष त्या जागेचा. फक्त नव्यांची सुरुवातीलाच कोसळत असेल, तर आधी व्हिडिओचं नाव आणि थंबनेल तपास.