सगळी कामं पहिल्याच चौकोनात कशी कोंबावीत

मॅनेजर झालात? मग वेळ नसणं हा तुमचा हक्कच आहे. तो कसा जपायचा, हे आमच्या साहेबांकडून शिका. यवतमाळकडच्या एका कापूस प्रकल्पात मी त्यांच्या हाताखाली आहे. गेल्या महिन्यात ते वेळेच्या नियोजनाचं प्रशिक्षण घेऊन आले आणि चार चौकोनांचा फ्लेक्स खुर्चीमागे लावला. तेव्हापासून त्यांना अजिबात वेळ नाही.

सुरुवात तपासणीपासून करा. मात्र मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये जे लिहिलंय तेवढंच मोजा. साहेबांच्या आठवड्याच्या 48 तासांपैकी 17 तास बैठका निघाल्या. बाकीचे 31 त्यांनी 'फील्ड' म्हणून लिहून टाकले. मला राहवलं नाही. गाडीचं लॉगबुक, फोनची यादी आणि आवक-जावक रजिस्टर घेऊन बसलो, अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशेब मांडला. फोन आणि ग्रुपवरचे फोटो 11 तास. एकच आकडे तीन वेगळ्या नमुन्यांत भरणं 8. पाहुण्यांना शिवार दाखवणं 6. बिलांवर सह्या 4. नव्या पोरांसोबत शेतात 2. नियोजन शून्य.

आता ते चौकोन. एकीकडे तातडीचं आणि बिनतातडीचं, दुसरीकडे महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने ही मांडणी चालते. कामाची चिठ्ठी हातात घेऊन दोन प्रश्न विचारायचे असतात: हे उद्यावर गेलं तर कोणाचं काय बिघडेल? आणि हे मीच करायला हवं का? तुम्ही असले प्रश्न विचारू नका. ज्याचा फोन आधी वाजला त्याचं काम तातडीचं, ज्याचा हुद्दा मोठा त्याचं महत्त्वाचं. साहेबांच्या 23 चिठ्ठ्या होत्या, 23 च्या 23 पहिल्या, म्हणजे तातडीच्या आणि महत्त्वाच्या, चौकोनात गेल्या.

चौकोनांना रंग द्या. रंग दिले की काम झाल्यासारखं वाटतं.

काम सोपवा, पण सही सोपवू नका. आमच्या अकाउंटंटला 'बिलं तुम्हीच पाहा' असं सांगितलंय. तो पाहतो. मग 180 रुपयांचं चहाचं बिलही साहेबांच्या टेबलावर दोन दिवस पडून राहतं.

पोरांना शिकवणं दुसऱ्या चौकोनात जातं: महत्त्वाचं, पण आजच नाही. तिथेच राहू द्या. आमच्याकडे चार नवी पोरं लागली. गुलाबी बोंडअळीचे नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावून दिले, आणि 'साहेब येऊन दाखवतील' यात तीन आठवडे गेले. नियम सोपा आहे: एका सापळ्यात एका रात्रीत 8 नर पतंग, तेही सलग तीन रात्री, तर फवारणीचा विचार. आमचा पोरगा तिसऱ्या दिवशी सापळा रिकामा करायचा आणि रजिस्टरमध्ये एकच आकडा लिहायचा. त्याने 9 लिहिले. म्हणजे रात्रीला 3. पण ऑफिसात तो आकडा 8 च्या वर दिसला, ग्रुपवर 'पातळी ओलांडली' असा मेसेज गेला आणि दोन गावांनी पंप काढले. एक काका माझ्या अंगावर आले, "पोट्ट्याले मोजता येत नाय अन् तुमी आमाले फवारा म्हणता? औषधाचे पैसे कोन देईन, तुमचा साहेब?" मी काय बोलणार? सापळ्यापाशी उभं राहून अर्धा तास दाखवलं असतं तर संपलं होतं. नंतर माफी मागायला, यादी करायला आणि वर खुलासा पाठवायला साहेबांचे दोन दिवस गेले. तेही पहिल्या चौकोनात!

पुरे झालं. साहेब, तुम्हीच वाचताय ना? मग सरळच सांगतो. दुसरा चौकोन उपाशी ठेवाल तर त्यातलंच काम पेटून पहिल्यात येणार. 2000 रुपयांपर्यंतची सही अकाउंटंटला लेखी द्या, तीन तास सुटतील. अहवालाचे आकडे एकाच तक्त्यात ठेवा आणि तिन्ही नमुने ऑपरेटरला त्यातूनच भरू द्या, चार तास सुटतील. सोमवारची तीन तासांची बैठक दीड तासात उरका. नऊ माणसं एकमेकांचे जुने आकडे ऐकत बसतात. झाले साडेआठ तास. त्यातले पाच पोरांना द्या: बुधवार आणि शुक्रवार, सकाळी 7 ते साडेनऊ. पंधरा दिवसांत चौघांची एकेक पाळी होते. दोन तास शनिवारी पुढच्या आठवड्याची आखणी. दीड तास मोकळे ठेवा, काहीतरी बिघडतंच.

आणि कॅलेंडरमध्ये 'राखीव' असं लिहू नका, राखीव वेळेवर जो तो बैठक टाकतो. पोराचं नाव, गाव आणि काय दाखवायचं ते लिहा. पाळी चुकलीच तर त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी करा. चार आठवड्यांनी लॉगबुक मी पुन्हा काढणार आहे. पोरांसोबतच्या 2 तासांचे 7 झाले की नाही तेवढंच बघेन.

आणि तो फ्लेक्स काढा. तिथे सापळ्यांची खोकी ठेवायची आहेत.