धावल्यावर येणारा कोरडा खोकला आणि दम्याची शंका

«पळताना खोकला येतो, छाती आवळते म्हणजे स्टॅमिना कमी आहे, बाकी काही नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत व्यायामाने दमा उठत नाही. आधी पाच मिनिटे हातपाय झटका आणि खोकला आला तरी थांबू नका. इनहेलरच्या नादी लागलात तर आयुष्यभराची सवय लागेल.»

धावणाऱ्यांना असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. त्यातले पहिले विधान तपासण्यासाठी घड्याळ पुरेसे आहे. सराव नसलेल्या माणसाला धावताना धाप लागते आणि थांबल्यावर ती काही मिनिटांत उतरत जाते. श्वासनलिका आकसत असतील तर क्रम बहुधा उलटा असतो. धावताना त्रास थोडा असतो, थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत कोरडा खोकला, छातीतील आवळ आणि कधी शिट्टीसारखा आवाज वाढतो, आणि सारे शांत व्हायला अर्धा ते दीड तास लागतो. जोरात धावताना माणूस तोंडाने भरपूर हवा ओढतो, ती ओलसर करताना श्वासनलिकेचे अस्तर कोरडे पडते आणि त्यातून सुटणाऱ्या रसायनांमुळे नलिकेभोवतीचे स्नायू आकसतात.

समजा, देवगडकडचा एक तरुण पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करतो आहे. श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणाऱ्या पीक फ्लो मीटर या साध्या नळीत त्याने धावण्यापूर्वी तीनदा जोरात फुंकले आणि सर्वांत मोठा आकडा ५२० आला. धावून थांबल्यावर पाचव्या मिनिटाला तो ४३०, दहाव्या मिनिटाला ४१० आणि पाऊण तासाने ५०० झाला. ५२० वरून ४१० म्हणजे सुमारे २१ टक्के घट. १५ टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक घट वारंवार दिसली तर दम्याची शंका घेणे रास्त ठरते. मात्र मीटर फुंकण्यात हयगय झाली तरी आकडा पडतो, त्यामुळे निदान डॉक्टरांनी, यंत्रात फुंकायला लावून फुप्फुसातून हवा किती व किती वेगाने बाहेर पडते ते मोजणाऱ्या स्पायरोमेट्रीने करावे. ही चाचणी विश्रांतीच्या वेळी अगदी व्यवस्थित येऊ शकते, म्हणून ती व्यायामापूर्वी आणि व्यायामानंतर अशी करावी लागते, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात असू द्यावे.

दमट हवेच्या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, कारण ओलसर हवेत अस्तर कमी सुकते. पण किनाऱ्यावरची हवा दिवसभर सारखी नसते. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे तुलनेने कोरडे व गार असतात, आणि भाजावळीच्या दिवसांत शेतातला धूर याच वेळी खाली साचून राहतो. आपल्या तरुणाला पहाटे रस्त्यावर त्रास होतो आणि संध्याकाळी खाऱ्या वाऱ्यात पुळणीवर धावताना तो जवळजवळ होत नाही, तर त्याचे कारण येथेच शोधावे. उलट पावसाळ्यात हवा ओली असूनही घरातील बुरशी काहींचा दमा चाळवते. सर्दी-खोकल्यानंतर काही आठवडे श्वासनलिका अधिक चिडखोर राहतात, त्या काळात वेगाचा सराव बेताने करावा.

वॉर्म-अपचा सल्ला दिशेने बरोबर असला तरी मात्रेने अपुरा आहे. पाच मिनिटे हलके धावून, मग अर्ध्या मिनिटाच्या वेगवान धावा सहा ते आठ वेळा, प्रत्येक धावेनंतर मिनिटभर चालणे, आणि शेवटी थोडी विश्रांती, असा सुमारे पंधरा-वीस मिनिटांचा क्रम उपयोगी ठरतो. त्यानंतर तासभर किंवा थोडा अधिक वेळ नलिका कमी आकसतात. हा लाभ सर्वांना मिळत नाही, साधारण निम्म्यांना मिळतो, आणि तो औषधाची जागा घेत नाही.

इनहेलरचे व्यसन लागत नाही. दुसरी एक गोष्ट मात्र खरी आहे: व्यायामाच्या दहा-पंधरा मिनिटे आधी ओढायचे, आकसलेल्या नलिका सैल करणारे सालब्युटामॉल हे औषध रोजच्या रोज घेतल्यास त्याचा बचाव क्षीण होत जातो आणि नलिकेतील सूज तशीच राहते. ज्याला ते वरचेवर लागते, किंवा ज्याला रात्री-पहाटेही खोकला येतो, त्याला सूज कमी करणारे ओढण्याचे स्टेरॉइड द्यावे लागते. ते श्वासावाटे थोड्या मात्रेत जाते, त्याचा परिणाम आठवड्यांनी दिसतो आणि घेतल्यावर गुळणी करायची असते.

सर्वांत धोक्याचे वाक्य म्हणजे न थांबण्याचे. त्रास सुरू होताच थांबून सरळ बसावे आणि डॉक्टरांनी दिलेले औषध घ्यावे. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर होत असतील किंवा औषधानेही उतार नसेल तर लगेच रुग्णालय गाठावे. श्वास आत घेताना घशात घरघर होत असेल आणि थांबताच काही मिनिटांत ती जात असेल, तर दोष बहुधा स्वरयंत्रापाशी असतो, तेथे दम्याचे औषध चालत नाही. आणि चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असलेल्या माणसाची छाती चढ चढताना आवळत असेल व थांबल्यावर मोकळी होत असेल, तर आधी हृदयाची तपासणी करावी.