थायरॉइडची गोळी चरबी निवडून जाळत नाही

"थायरॉइडचं हार्मोन शरीरात असतंच, त्यामुळे गोळीचा अपाय शून्य. रिपोर्ट नॉर्मल असला तरी रोज एक घ्या, मेटाबॉलिझम वाढून फक्त चरबी जळते. थकवा वाटला तर त्या दिवशी एक जास्त घ्या, लगेच तरतरी येते."

वजन कमी करायला असा सल्ला देणारे भेटतात. त्यातलं आधी शेवटचं वाक्य घेऊ. गोळीत टी-४ हे थायरॉइडचं हार्मोन असतं. त्यातला आयोडिनचा एक अणू निघाला की टी-३ होतं आणि ते पेशीच्या केंद्रकात शिरतं. तिथे त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखणारं प्रथिन, आधीच डीएनएवर ठाण मांडून बरीच जनुकं दाबून बसलेला असतो. टी-३ चिकटलं की ती पकड सुटते, जनुकं वाचली जातात आणि मग नवी प्रथिनं बनतात. या कामाला कित्येक तास, कधी दिवस लागतात. चहासारखी तरतरी यातून यायची नाही. रक्तातलं टी-४ निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो. म्हणून तर डोस बदलल्यावर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, सहा-आठ आठवड्यांनी बघतात.

आता नॉर्मल रिपोर्टवाल्यांचं. निरोगी थायरॉइड ग्रंथी दिवसाला साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी-४ बनवते. तुम्ही वरून पन्नासची गोळी घेतलीत, तर टीएसएच बनवणारी मेंदूखालची पिट्युटरी ते खाली आणते आणि ग्रंथी जवळपास तेवढंच कमी बनवते. हिशेब होता तिथेच. वजन हलवायचं तर ग्रंथीचं सगळं उत्पादन बंद पाडून त्याच्याही वर हार्मोन ओतावं लागतं, आणि खरी भानगड तिथे सुरू होते.

कारण हे रिसेप्टर हृदयातही आहेत. तिथे कॅल्शियमचा पंप आणि ठोक्यांची लय ठरवणारे मार्ग यांची जनुकं जोरात चालतात, म्हणून नाडी झोपेतही उतरत नाही. हात पुढे करून बोटांवर कागद ठेवला तर त्याची कड थरथरताना दिसते. उतारवयात ठोक्यांची लयच बिघडू शकते. जे वजन उतरतं त्यात स्नायूही असतात, आणि भूक वाढते ती वेगळीच.

या रिसेप्टरचे दोन प्रकार आहेत: हृदयात मुख्यतः अल्फा, यकृतात बीटा. काहींचा बीटा जन्मतःच सदोष असतो. त्यांची पिट्युटरी हार्मोनला नीट दाद देत नाही, म्हणून रक्तातलं हार्मोन वाढतं. यकृताला ते कमी जाणवतं, पण अल्फा शाबूत असल्याने छाती मात्र धडधडते. साधी गोळी अल्फा-बीटा असा भेद करत नाही.

हाडांचं कुणी बोलतच नाही. शरीराला जुन्या हाडाचा बारीक तुकडा खरवडून पुन्हा भरायला एरवी सुमारे २०० दिवस जातात. हार्मोन फार झालं की हे चक्र जवळपास निम्म्यावर येतं. खरवडणं उरकतं, भरणं अर्धवट राहतं, आणि प्रत्येक फेरीत हाड थोडं उणं होतं. पाळी गेलेल्या बाईचं हाड आधीच झिजत असतं. तिच्यात हे मनगटाच्या किंवा खुब्याच्या फ्रॅक्चरपर्यंत जातं, आणि तोवर काही दुखतही नाही.

ज्यांची ग्रंथी खरोखर मंद आहे, त्यांनी हे वाचून गोळी थांबवू नये. त्यांच्यात ती उणीव भरून काढते.