वेग तोच होता, थांबे गेले होते

भाषणाचा वेग आणि भरीचे शब्द कसे मोजायचे यावरच्या माझ्या लेखावर वाचकाची प्रतिक्रिया: “तुम्ही सांगितलं तसं भाषण रेकॉर्ड करून शब्द मोजले. मिनिटाला १०४ आले. तुमच्या १३० ते १५०च्या हिशेबाने मी रेंगाळतोय, आणि घरचे म्हणतात की जरा श्वास घे! मग हे मोजायचं कशाला? शिवाय ‘म्हणजे’ हा साधा मराठी शब्द, तो दोषांच्या यादीत कसा?”

पहिली चूक माझीच. मिनिटाला १३० ते १५० शब्द हा आकडा इंग्रजी भाषणांसाठी सांगितला जातो आणि मी तो तसाच मराठीला लावला. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘माझ्या मित्राच्या घरासमोरच्या झाडाखाली’ हे मराठीत चार शब्द, हेच इंग्रजीत सांगायला नऊ लागतात. त्यामुळे मराठीत १०४ म्हणजे संथ नव्हे. दोन वेगळ्या भाषणांची तुलना करायची असेल तर शब्दांऐवजी अक्षरं मोजा (वरच्या चार शब्दांत ती पंधरा आहेत). एकाच भाषणाचे दोन सराव ताडून पाहायला मात्र शब्द पुरतात.

आता घरच्यांचं. ते चुकत नाहीत, आणि तुमचा आकडाही चुकलेला नसावा. माझ्या भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या सरावात हेच झालं होतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ५ मिनिटं १२ सेकंद, शब्द ५५१, म्हणजे मिनिटाला १०६. सगळे तिला सांगत होते, “हळू बोल.” मी मिनिटागणिक शब्द मोजले तेव्हा ८८, ९७, १०४, १२१, ११८ असे आले आणि शेवटच्या १२ सेकंदांत २३. चढ स्पष्ट दिसत होता, म्हणून मीही म्हणालो की पुढे पुढे घाई होते आहे.

मग थांबे वेगळे काढले. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगच्या लाटेत सपाट जागा डोळ्यांना दिसतात. अर्ध्या सेकंदाहून मोठी प्रत्येक सपाट जागा निवडून तिची लांबी लिहून घेतली. पहिल्या दोन मिनिटांत थांबे २६ सेकंदांचे होते, उरलेल्या ३ मिनिटं १२ सेकंदांत फक्त १५ सेकंदांचे. थांबे वजा करून प्रत्यक्ष उच्चाराचा वेग काढला, तर आधी मिनिटाला ११८ आणि नंतर १२४. जवळजवळ तोच! जीभ घाई करतच नव्हती, तिने थांबणं सोडलं होतं. ‘हळू बोल’ ऐकून ती शब्द ताणत होती आणि भाषण आणखी बिघडत होतं. तुमच्या १०४मध्येही हेच लपलेलं असेल असं मला वाटतं. सरासरीला ते दिसत नाही, म्हणून थांबे वेगळे काढून बघा.

‘म्हणजे’ दोष नाही, बरोबर आहे तुमचं. तो काम करत असेल तर मोजायचा नाही. माझी कसोटी साधी आहे: तो शब्द काढून वाक्य मोठ्याने वाचा. ‘अवर्षण म्हणजे पाऊस न पडणं’ यातून काढला तर वाक्य मोडतं. ‘म्हणजे मला असं वाटतं की’ यातून काढला तर काहीच बिघडत नाही, म्हणून तो भरीचा. भाचीच्या भाषणात १७ वेळा ‘म्हणजे’ आला, त्यातले ६ खरे आणि ११ भरीचे. शिवाय ‘अं’ १२ आणि रिकामा ‘तर’ ६. एकूण २९, दर शंभर शब्दांमागे सुमारे ५.३. मिनिटामागे काढू नका, कारण लांब थांबे घेतले की तो आकडा आपोआप उतरतो आणि सुधारणा झाल्यासारखी वाटते.

हे कानानेच मोजावं लागतं. फोनचं बोलून टायपिंग ‘अं’ बऱ्याचदा गाळतं, अडखळून दोनदा आलेला शब्दही एकदाच लिहितं. त्या मजकुरावरून मोजलं तर आपण फार सफाईदार वाटतो. मी रेकॉर्डिंग दोनदा ऐकतो, एकदा शब्दांसाठी, एकदा फक्त भरीच्या शब्दांसाठी. ऑडॅसिटीत ऐकता ऐकता Ctrl+M दाबलं की त्या क्षणी खूण पडते, म्हणजे नुसती संख्या नव्हे तर जागाही कळते.

आणि जागाच महत्त्वाची निघाली. २९पैकी पहिल्या दोन मिनिटांत फक्त ४ होते, बाकीचे २५ नंतर, बहुतेक नवा मुद्दा सुरू होताना. जिथून थांबे गेले तिथेच ‘अं’ आणि ‘म्हणजे’ येऊन बसले होते. तिने संहितेत मुद्दा बदलतो त्या सात ठिकाणी दोन उभ्या रेघा मारल्या आणि तिथे तोंड मिटून श्वास घ्यायचा एवढंच ठरवलं. ‘म्हणजे’ टाळायचा प्रयत्न मुद्दाम केला नाही. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये भरीचे शब्द ११ आले आणि उच्चाराचा वेग १२१, म्हणजे होता तेवढाच. “आता हळू बोलतेस,” असं तिची आई म्हणाली.

तुम्ही तेच भाषण निदान तीनदा, शक्यतो समोर कुणाला तरी बसवून रेकॉर्ड करा. बंद खोलीत एकट्याने केलेल्या सरावात थांबे वेगळेच पडतात. पहिली दोन मिनिटं आणि नंतरचा भाग यांतल्या थांब्यांचे सेकंद इथे लिहा, मग पुढचं बोलू.