अजिंठ्यात पाच स्टॉपवर विसंबू नका

सिझन सुरू झाला की संभाजीनगरच्या आपल्या मंडळींचा तोच प्रश्न येतो. अजिंठ्याला चाललोय, फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, मग स्टॅबिलायझेशनवालं काय घेऊ, बॉडीतलं की लेन्समधलं? दुकानदार लगेच सांगतो, "दादा, आठ स्टॉप आहे, अर्धा सेकंद हातात धरा, काही होत नाही." होतं. पडद्यावर शंभर टक्के मोठं करून बघितलं की कळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लेण्यातल्या चित्रांसाठी बॉडीतलं स्टॅबिलायझेशन पुरेसं आहे, पण खोक्यावरच्या आकड्यातले तीनच स्टॉप भरवशाचे धरा. चौथा मिळाला तर नशीब. पाचवा असतो तो जाहिरातीसाठी.

तो आकडा येतो कुठून? सीपा ही जपानमधल्या कॅमेरा कंपन्यांची संघटना. तिच्या नियमाप्रमाणे कॅमेरा एका थरथरणाऱ्या यंत्रावर बसवून मोजणी होते. २०१२ च्या नियमात फक्त वरखाली आणि डावी-उजवी डुलणी मोजली जायची. घड्याळाच्या काट्यासारखं फिरणं २०२४ च्या सुधारणेत आलं. शिवाय मोठा आकडा असतो तो चित्राच्या मध्यभागाचा. कॅननच्या आर५ मार्क २ साठी तर कंपनीच मध्याला ८.५ आणि कडेला ७.५ असे वेगळे आकडे देते. म्हणजे आकडा खोटा नाही, पण तो यंत्रावरचा आणि मध्याचा. तुम्ही लेण्यात अनवाणी, खडबडीत दगडावर उभे असता आणि मागून सहलीची पोरं ढकलत असतात.

आता हिशेब करू. पहिलं लेणं, गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी. ३५ मिमीची लेन्स, फुलफ्रेम, ४५ मेगापिक्सेल. जुना नियम सांगतो की शटर फोकल लेंथइतका, म्हणजे १/४० च्या आसपास. पण ४५ मेगापिक्सेलवर बारीक हललेलंही दिसतं, म्हणून सुरुवात १/८० पासून धरायची. एक स्टॉप उतरलात की १/४०, दोन म्हणजे १/२०, तीन म्हणजे १/१०, चार म्हणजे १/५ आणि पाच म्हणजे ०.४ सेकंद. समजा एफ २.८ आणि आयएसओ १६०० वर उजेड १/१० मागतोय. इथे मोह होतो की आयएसओ ४०० करू, ०.४ सेकंदावर जाऊ, फोटो स्वच्छ येईल. नका करू. आयएसओ १६०० चे दाणे नंतर कमी करता येतात. पद्मपाणीच्या पापणीची रेघ एकदा दुहेरी झाली की कुठल्याही सॉफ्टवेअरने ती धड एक होत नाही. १/५ वर जायचंच असेल तर सलग पाच-सहा फ्रेम घ्या आणि पहिली सोडून द्या, कारण बटण दाबल्याचा धक्का तिच्यातच असतो. बटण अर्धं दाबून सेकंदभर थांबलात तर स्टॅबिलायझर स्थिरावतो. आणि हो, आधारासाठी खांबाला टेकायचं नाही. त्या खांबांवरही चित्रं आहेत.

लांब शटरला गाडी अडते कुठे? तर संथ डुलणीत. हाताची झटपट थरथर जायरो सेन्सर चांगली पकडतो, पण श्वासाबरोबर शरीर हळूच पुढेमागे झुकतं, त्यात आणि मुद्दाम कॅमेरा वळवण्यात त्याला नीट फरक करता येत नाही. जायरोची स्वतःची चूकही वेळ जाईल तशी साचत जाते. म्हणून १/१० ला दहात नऊ फोटो बरे येतात आणि अर्ध्या सेकंदाला तोच कॅमेरा जुगार खेळतो.

बॉडी की लेन्स, हे फोकल लेंथ ठरवते. कॅमेरा अर्धा अंश डुलला तर ३५ मिमीला सेन्सरवरचं चित्र साधारण ०.३ मिमी सरकतं आणि ४०० मिमीला साडेतीन मिमी. तेवढं पळायला सेन्सरला बॉडीत जागाच पुरत नाही. लेन्समधला छोटा काचेचा गट मात्र थोडा सरकूनही तेवढं काम करतो. म्हणून जायकवाडीला पाखरं टिपायला लेन्समधलंच हवं. उडत्या पक्ष्याला १/२००० लावलात तर तिथे त्याचा उपयोग मुख्यतः व्ह्यूफाइंडर शांत राहण्यापुरता. याउलट कॅमेरा घड्याळाच्या काट्यासारखा फिरल्याचा दोष लेन्सला दुरुस्तच करता येत नाही, तो फक्त सेन्सर फिरवूनच जातो. दोन्ही असतील तर पाच आणि पाच दहा होत नाहीत. दोघं एकच थरथर मोजत असतात आणि मर्यादा त्या मोजणीचीच असते.

सगळ्यात जास्त फसवते ती वाइड लेन्स. छत पूर्ण यावं म्हणून १६ मिमी लावतात. या लेन्समध्ये चित्र कडेला ताणलेलं असतं, त्यामुळे कॅमेरा कोपऱ्याच्या दिशेने डुलला की मध्य जितका सरकतो त्याच्या जवळजवळ पावणेतीन पट कोपरा बाहेरच्या दिशेने सरकतो. सेन्सर मात्र मध्याच्या हिशेबाने हलतो. उरलेलं सगळं कोपऱ्यात पुसट होऊन बसतं. मध्यातलं कमळ धारदार आणि कोपऱ्यातली वेलबुट्टी पसरलेली दिसली तर लेन्सला शिव्या देऊ नका, त्याच जागेवरून १/१०० ला एक फोटो काढून बघा. कोपरा सुधारला तर दोष लेन्सचा नाही, स्टॅबिलायझेशनची हद्द संपली. छतासाठी मी एकदोन स्टॉपच्या पलीकडे जायला सांगत नाही. त्यापेक्षा ३५ मिमीने तुकडे घेऊन जोडलेले बरे.

स्वतःचा आकडा काढायला एक संध्याकाळ लागते. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवा, तीन मीटरवर उभे राहा. शटर प्रायॉरिटीवर १/८० पासून एकेक स्टॉप खाली या आणि प्रत्येक वेगाला दहा फोटो घ्या, आधी स्टॅबिलायझेशन बंद ठेवून, मग चालू करून. ज्या वेगापर्यंत दहापैकी आठ फोटोंत बारीक अक्षर वाचता येतं तो तुमचा वेग. बंद आणि चालू यांतला फरक म्हणजे तुमचे खरे स्टॉप. बसून नाही, उभ्यानेच करा, लेण्यात खुर्ची मिळत नाही. अक्षरं एकाच दिशेला ओढलेली दिसली तर डुलणी. मध्य ठीक आणि कडेला गोलाकार ओढ दिसली तर कॅमेरा फिरलाय, बहुतेक बटण जोरात दाबल्यामुळे. त्याला दोन सेकंदांचा टायमर लावला की बराच फरक पडतो.

जुनी मॅन्युअल लेन्स अ‍ॅडॉप्टरवर लावणाऱ्यांनी मेन्यूत फोकल लेंथ हाताने भरायची असते. ५० ची लेन्स लावून आकडा ८५ च राहिला तर सेन्सर गरजेच्या १.७ पट सरकतो, म्हणजे ७० टक्के थरथर उलट्या दिशेने शिल्लक राहते. कॅमेरा काही बोलत नाही, चिन्ह चालूचंच दिसतं. झूम असेल तर दरवेळी झूम फिरवल्यावर हा आकडा बदलावा लागतो.

लग्नाच्या फोटोग्राफरांनी यातलं काहीच हळदीत वापरू नये. स्टॅबिलायझर तुमचा हात थांबवतो, नाचणाऱ्या करवल्या नाही. तिथे १/१२५ च्या खाली उतरायचं नाही, आयएसओ ६४०० गेला तरी चालेल.