सेकंदाला ४,४१८ रुपये

खजिनदारांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. आकडा मला दिसत होता, तरी त्यांनी तो वाचून दाखवला. "सेकंदाला चार हजार चारशे अठरा रुपये." मग थोडं थांबून, "म्हणजे तुमच्या आजीने एकदा डोळे मिचकावले की संस्थेचे अकराशे गेले."

परवाची गोष्ट आहे आणि अजून डोक्यातून जात नाही. एका पतसंस्थेला पन्नास वर्षं होताहेत. त्यानिमित्त त्यांना तीन मिनिटांची हाताने काढलेली ॲनिमेशन फिल्म हवी आहे: एक आजी, तिचा पैशांचा डबा, शेवटी पासबुक. करणारे आम्ही दोघं. मी हालचाल काढतो, माझी भागीदारीण पार्श्वभूमी, क्लीनअप म्हणजे माझ्या कच्च्या रेघा स्वच्छ करून काढणं, रंग आणि जुळवाजुळव बघते. अंदाजपत्रक ७,९५,३०० रुपयांचं. त्याला १८० ने भागून खजिनदारांनी माझी लायकी काढली.

भागाकार बरोबर होता, हेच दुखणं आहे. ॲनिमेशनचा खर्च सेकंदावर काढणाऱ्या माणसाला काही पटवून देता येत नाही, कारण सेकंद सारखे नसतात. आजी स्थिर बसली आहे आणि फक्त पापण्या हलतात, तेव्हा शरीराचं एक चित्र पडद्यावर धरून ठेवायचं आणि वर पापण्यांची तीन-चार चित्रं टाकायची. तीच पापणी फिल्मभर वापरता येते. हे मी त्यांना सांगितलं.

"मग डोळे मिचकावू नका म्हणावं तिला. तेवढीच बचत."

डोळे न मिचकावणारी आजी चौथ्या सेकंदाला गेल्यासारखी दिसते, हे पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या तोंडावर कसं बोलणार? गप्प बसलो. मात्र त्याच आजीने डबा उचलला, पदराखाली घेतला आणि उंबरा ओलांडला, तर त्या दोन सेकंदांत माझे अडीच-तीन दिवस जातात. हात आणि डबा एकमेकांना चिकटून हलायला हवेत, पदर मागून यायला हवा आणि पाऊल जमिनीवर सरकता कामा नये. पाऊल सरकलं तर लोकांना चूक कळत नाही, पण आजी बर्फावर आहे असं वाटत राहतं.

म्हणून वेळापत्रक सेकंदांवरून बनत नाही, शॉटवरून बनतं. १८० सेकंदांतले १८ नावांना गेले, उरले १६२. ॲनिमॅटिकमध्ये, म्हणजे स्टोरीबोर्डची स्थिर चित्रं आवाजासकट वेळेवर लावून बघितल्यावर, ३८ शॉट झाले. त्यांचे तीन गट पाडले. सोपे १४ शॉट, मिळून ६० सेकंद: धरलेलं चित्र, पापणी, आभाळ सरकणं. मधले १७ शॉट, ७२ सेकंद: एकच पात्र, बोलणं, नाणी मोजणं. अवघड सात, फक्त ३० सेकंद: चालणं, कापड, पाणी, दोन पात्रांचा स्पर्श. सोप्याची कच्ची हालचाल दिवसाला पाच सेकंद होते, मधल्याची दोन, अवघडाची पाऊण. मांडा आता: १२ दिवस, ३६ दिवस आणि ४० दिवस. त्या ३० सेकंदांनी बाकीच्या १३२ सेकंदांची जवळजवळ बरोबरी केली. तीन मिनिटांची फिल्म महाग नसते, तिच्यातलं अर्धं मिनिट महाग असतं.

"पण सेकंदाला चोवीस चित्रं कशाला?" खजिनदारांनी मुद्दा बदलला. घरी कुणीतरी त्यांना चोवीसचा आकडा पुरवला होता. "बारा काढा. कोणाला कळतंय?"

"आम्ही बाराच काढतो," मी म्हणालो. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरायचं, ही जुनी रीत आहे. चोवीसच्या चोवीस काढावी लागतात ती फार वेगाच्या हालचालीत, किंवा कॅमेरा सरकत असताना पात्र त्याच्यासोबत चालत असेल तेव्हा. तिथे बारा ठेवली तर पात्र थरथरतं.

खजिनदारांचा चेहरा उजळला. "बाराच काढता? मग पैसे चोवीसचे का लावले?"

पुढची वीस मिनिटं या एका प्रश्नावर गेली. मी दर सांगतो तो मुळातच बाराचा आहे, हे मी चार तऱ्हांनी सांगितलं. पाचव्या वेळी त्यांनी शिपायाला चहा आणायला सांगितलं आणि चहा पिता पिता सहा चित्रांचा प्रस्ताव मांडला. मग भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ निघाला. चार तासांचा, ड्रोनसकट, आठवड्यात पेनड्राइव्हवर. "आणि तुम्हाला तीन मिनिटांना सात महिने?" लग्नात नवरा-नवरी आपल्या पायांनी चालत येतात, फोटोग्राफरला त्यांचे पाय काढावे लागत नाहीत, हे उत्तर मला जिना उतरताना सुचलं. मला नेहमी जिन्यातच सुचतं. असो.

सात महिन्यांचं गणित मात्र त्यांनी ऐकून घ्यायला हवं होतं, कारण दोघांच्या कामाची खरी गोम तिथे आहे. माझे ८८ दिवस आपण पाहिले. भागीदारणीचं क्लीनअप आणि रंग दिवसाला अडीच सेकंद, म्हणजे साधारण ६५ दिवस, आणि १६ पार्श्वभूमी दीड दीड दिवसाच्या, म्हणजे २४. बेरीज ८९. कागदावर दोघांचं काम तंतोतंत जुळलं, आणि असं जुळलं की घाबरायचं. मी कच्चं दिल्याशिवाय तिचं क्लीनअप सुरू होत नाही, म्हणून तिने पहिले पाच आठवडे फक्त पार्श्वभूमी रंगवायच्या आणि तोवर मी शॉटचा साठा करायचा. हा साठा दहा-पंधरा सेकंदांच्या खाली आला की समजावं, आता मला ताप आला तर दोघं घरी बसणार. मोठ्या स्टुडिओत एक माणूस आजारी पडला तर एक टेबल रिकामं राहतं. इथे अर्धा स्टुडिओ आजारी पडतो.

शॉटचा क्रमही कथेचा नसतो. सुरुवातीच्या शॉटपासून काम सुरू केलं तर हात बसलेला नसताना काढलेली आजी प्रेक्षकाला सगळ्यात आधी दिसते. आम्ही फिल्मच्या मधल्या, मध्यम शॉटपासून सुरू करतो, अवघड सात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घेतो आणि थोडे सोपे मुद्दाम शेवटाला राखतो, कारण तेव्हा डोळे आणि संबंध दोन्ही ताणलेले असतात. या अठरा आठवड्यांच्या आधी कथा, पात्रं, स्टोरीबोर्ड, ॲनिमॅटिक यांचे पाच आठवडे. नंतर जुळवणी आणि ध्वनीचे चार. वर चार आठवडे राखीव. एकतीस आठवडे झाले.

आणि दर आणलेत कुठून? एक मधला शॉट सगळ्यात आधी पहिल्या रेघेपासून रंगापर्यंत पूर्ण करायचा आणि प्रत्येक टप्प्याचे तास लिहून ठेवायचे. त्याच्याशिवाय दिलेलं अंदाजपत्रक म्हणजे पंचांग न बघता काढलेला मुहूर्त. चाचणीच्या शॉटला अंदाजाच्या दीडपट वेळ लागला तर दर बदलायचा किंवा शाल सोडून द्यायची. आमच्या आजीच्या शालीवर चौकडा होता. चौकडा दर चित्रात पुन्हा काढावा लागतो आणि जरा चुकला की कापडावर मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. शाल आता एकरंगी आहे. त्या चौकड्याचा खर्च कुठल्याही रकान्यात दिसला नसता.

खजिनदारांनी पेन काढलं ते रकान्यांसाठीच. दोघांचं मानधन महिन्याला ४०,००० प्रमाणे सात महिने, ५,६०,००० रुपये. याला त्यांनी प्रश्नचिन्ह लावलं. ध्वनी, संगीत आणि निवेदिकेचे ९७,००० त्यांना मान्य, कारण ‘ते बाहेरचे लोक आहेत, त्यांना द्यावेच लागतात’. यंत्रांची झीज, दोन हार्डडिस्क, वीज आणि इंटरनेट मिळून ६६,०००. इथे ‘दोन’वर गोल केला. एक बिघडली तर काय, म्हणालो. "बिघडू देऊ नका." शेवटी दहा टक्के आकस्मिक खर्च, ७२,३०० रुपये. तो त्यांनी शांतपणे खोडला. "आपल्या संस्थेत पन्नास वर्षांत आकस्मिक काही झालेलं नाही."

यावर उपाय आहे आणि या धंद्यातला प्रत्येक माणूस तो करतो. आकस्मिक नावाची ओळ ठेवायचीच नाही. जुळवणीचे दिवस वाढवायचे, ‘बदलांच्या दोन फेऱ्या’ अशी ओळ टाकून तिला किंमत लावायची. पैसा तोच, नाव कामाचं. प्रामाणिक शब्दाला कात्री लागते आणि फुगवलेल्या शब्दावर सही होते, याचा मला खरंच राग येतो. पण पुढच्या वेळी मीही तेच लिहिणार आहे.

बैठक संपली असं वाटून मी उठलो, तेव्हा ते म्हणाले, "शेवटी आमचं संचालक मंडळ चालत येतंय आणि आजीला हार घालतंय, एवढं टाका. चारच सेकंद."

संचालक तेरा. एका माणसाच्या चालण्याच्या एका आवर्तनाला, म्हणजे दोन पावलांना, बारा चित्रं. प्रत्येकाचं पोट वेगळं, त्यामुळे एकाची चाल दुसऱ्याला चालत नाही. १५६ चित्रं. अवघड गटात माझी दिवसाला नऊ होतात. सतरा दिवस नुसतं चालण्यात गेले, हार अजून कुणाच्याच हातात नाही. त्यात वार्षिक सभेनंतर संस्थेची निवडणूक आहे, आणि फिल्म तिच्यानंतर पूर्ण होणार. तेरापैकी कोणते चेहरे तेव्हा संचालक असतील, हे खुद्द खजिनदारांनाही सांगता येईना.

तेव्हा मी दिलेली तडजोड अशी: सगळे उभे, पाठमोरे, एकाच रंगवलेल्या चित्रात, पार्श्वभूमीचा भाग म्हणून. हलतो तो एकाचा हात, टाळ्यांपुरता. दीड दिवसाचं काम. निवडणुकीत कोणी पडलं तरी पाठ बदलावी लागत नाही. नावं वेगळ्या थरावर, सगळ्यात शेवटी. आणि करारात एक ओळ: ॲनिमॅटिक मंजूर झाल्यावरच्या प्रत्येक बदलाचे दिवस मोजून वेगळे पैसे.

मी वहीच्या मागच्या पानावर तेरा पाठी रेखाटून दाखवल्या. खजिनदारांनी चष्मा वर केला, वही जवळ ओढली.

"यातला मी कुठला?"

"डावीकडून चौथा."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "टक्कल जरा कमी करा."

"आत्ता फुकट आहे," मी म्हणालो आणि खोडरबर काढला.