जर्नल उद्या आहे का?

दुपारपासून डोकं तापून आहे, आणि यावेळी नागपूरच्या उन्हानं नाही. आमच्या वहिनीनं आज पालकांच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला, खाली "हे चाललं आहे आपल्या मुलांचं" आणि तीन लाल चेहरे. तिचा राग मला समजतो. पण टाकायच्या आधी मला एक फोन केला असता तर! मी 19 वर्षं शाळेत शिकवून राहिले, असे स्क्रीनशॉट आठवड्याला एक तरी बघते.

तर झालं असं. माझा भाचा आठवीत आहे. परवा रात्री वहिनीला त्याच्या फोनच्या गॅलरीत वर्गाच्या ग्रुपचा स्क्रीनशॉट सापडला. तिनं दादाला दाखवला. दादा म्हणाला, "यात काय आहे? शिवी तरी आहे का एक?" खरंच नव्हती. मी जसाच्या तसा सांगते, मग तुम्हीच ठरवा.

रात्री 9:42 ला भाचा विचारतो, "सायन्सचं जर्नल उद्या सबमिट करायचं आहे का?" लगेच एकाचं ⏳. दुसऱ्याचं ⏳⏳. मग एक जण, "बफरिंग..." मग, "थांबा बे, उद्यापर्यंत वाक्य पूर्ण होईल त्याचं". मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आणि त्या रांगेत शेवटचा हसरा चेहरा कोणाचा? भाच्याचाच.

9:44 ला दुसरा एक पोरगा लिहितो, "जर्नल उद्या आहे का". त्याला त्याच मिनिटाला उत्तर, "हो, पान 40 पर्यंत".

बस. मला एवढंच पुरे होतं.

दादा शिव्या शोधत होता, सगळे आईबाप तेच शोधतात. शिव्या तर आठवीतली पोरं प्रेमानं पण देतात हो, त्यावरून काही कळत नाही. बघायचं हे की एका पोरानं विचारलं तर काय होते आणि तेच दुसऱ्यानं विचारलं तर काय होते. प्रश्न तोच, दोन मिनिटांचा फरक, आणि एकाला पान नंबर मिळाला, दुसऱ्याला वाळूचं घड्याळ.

आता ते घड्याळ काय आहे ते सांगते, कारण वहिनीला वाटलं नेट स्लो असेल. माझा भाचा अडखळतो. 'स' आणि 'प' ला जास्त. शाळेत गणपतीत त्याला दोन मिनिटं बोलायचं होतं, "प्रमुख पाहुणे" वर अडकला तो अडकलाच. तेव्हापासून तो 'बफरिंग'. म्हणजे असा शब्द, जो बाहेरच्या कोणत्याही मोठ्या माणसाला दिसला तरी खटकणार नाही, आणि वर्गातल्या प्रत्येक पोराला बरोबर कळेल. पोरं काही मूर्ख नाहीत. आणि मला सगळ्यात जास्त कशानं भरून आलं सांगू? टाइप करताना हे पोरगं कुठंच अडखळत नाही. एक जागा होती त्याला, जिथं त्याचं वाक्य सरळ पूर्ण व्हायचं. तिथंही त्याला अडकवलं.

"पण तो स्वतः हसून राहिला ना त्यात," इति दादा. अरे दादा, मग काय करेल तो? चिडला तर अजून दहा घड्याळं येतील. गप्प बसला तर "रडला रडला". हसणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. त्याचा हसरा चेहरा सगळ्यांच्या नंतर आला, पहिला नाही, हे पण पाहा.

बरं, एका स्क्रीनशॉटवरून निकाल लावू नये, हे मान्य. चिडवाचिडवी होते, आम्हीही केली आहे, कोणी फाशी नाही दिली. म्हणून मी काल संध्याकाळी गेले, त्याच्याशेजारी पलंगावर बसले, फोन त्याच्याच हातात ठेवला (हिसकला की पुढच्या वेळी पोरगं सगळं पुसून ठेवते), आणि आम्ही दोघांनी मिळून ग्रुप मागं सरकवत नेला. मी एकच गोष्ट पाहून राहिले होते, पाळी फिरते का? दोस्तांच्या मस्करीत आज याची खेचतात, उद्या त्याची. इथं गणपतीपासून पाळी एकाचीच होती. तो लिहायचा, घड्याळ. हळूहळू त्यानं लिहिणंच कमी केलं, आधी रोज पाच-सहा मेसेज, मग आठवड्याला एक, तेही फक्त अभ्यासाचं. मध्ये एक पोल पण सापडला, "आज कोण जास्त बफर होणार", पर्याय तीन आणि तिन्ही पर्यायांत त्याचंच नाव. पोलवर टॅप केलं की कोणी कशाला मत दिलं ते नावानिशी दिसते. चौदा नावं होती.

डॅन ओल्व्हेयस नावाच्या नॉर्वेच्या मानसशास्त्रज्ञानं बुलिंग ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या आहेत, मुद्दाम करणं, पुन्हापुन्हा करणं, आणि समोरच्याला तोडीस तोड देता न येणं. दादाला मी हे सांगितलं नाही, त्याला फक्त ती चौदा नावं दाखवली. तो उठून गॅलरीत गेला.

आता वहिनीचं. (वहिनी, तू हे वाचशील, वाच.) स्क्रीनशॉट भाच्याच्या फोनमध्ये होता, पण त्यानं काढलेला नव्हता. आपण ज्याच्या फोनवर असतो त्याचे मेसेज उजवीकडे, हिरवे दिसतात. यात भाच्याचा मेसेज डावीकडे, पांढऱ्यात, वर नाव. नाव कसं? त्याचं नाव आणि पुढं "ट्यूशन". म्हणजे कोणत्यातरी पोरानं त्याचा नंबर असा सेव्ह केला आहे, त्यानं हे काढून भाच्याला पाठवलं. चौदा नावांत तो नव्हता. ग्रुपमध्ये बोलायची हिंमत झाली नाही त्याची, पण निदान आपल्या दोस्ताला एवढं तर दाखवलं की मी पाहून राहिलो.

आणि मागं वॉलपेपर होता त्याच्या कुत्र्याचा. एक कान उभा, एक पडलेला. आख्खा वर्ग त्या कुत्र्याला ओळखतो.

तो फोटो न कापता, न झाकता, पालकांच्या ग्रुपवर. वीस मिनिटांत एका आईनं आपल्या लेकाला दाखवला, लेकानं कुत्रा ओळखला, आणि चारच्या आत त्या पोराला वर्गाच्या ग्रुपमधून काढलं. वहिनीनं मग डिलीट केला. त्याचा काय उपयोग, "मेसेज डिलीट केला" एवढी ओळ राहिली आणि लोकांच्या गॅलरीत फोटो.

हे सगळं क्लास टीचरकडे न्यायचं होतं, भाच्याच्याच फोनवरून, तारखांसकट, त्याला विचारून. एक्स्पोर्ट चॅट केलं की पूर्ण संभाषण फाईलमध्ये निघते, कोणाचा कुत्रा त्यात येत नाही. शाळा म्हणेल ग्रुप आमचा नाही. ठीक आहे, नाही तुमचा. पण ती चौदा पोरं सकाळी बसतात तुमच्याच बाकांवर, आणि भाचा हजेरीला "प्रेझेंट" म्हणत नाही, नुसता हात वर करतो, हे तुम्हाला दोन महिन्यांत दिसलं नाही? सीबीएसईनं 2015 लाच शाळांना बुलिंगविरोधी कमिटी करायला सांगितली आहे. सोमवारी मी स्वतः जाते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. वहिनी वाईट नाही, घाबरली होती ती. मीही तिला फोनवर नाही नाही ते बोलले.

सहाला त्या पोराच्या आईचा फोन आला होता. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, तो जेवत नाही आहे, तुमच्या घरचं कोणी त्याच्याशी बोलाल का." मनीष नगरला राहतात. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "आत्या, मी पण येतो, पण तिथं तू बोल." मी म्हटलं, चल, तू नुसता बसून राह्य. स्कूटी काढून राहिलो आहोत.